एकाच ब्राउझरमध्ये तीन खाती असली की लिंक का अडते: पतसंस्थेच्या अहवालाच्या निमित्ताने सविस्तर टिपण

नमस्कार मॅडम,

मंगळवारी सकाळी तुमचा निरोप आला, "लिंक उघडत नाही, परत पाठवा." मी परत पाठवली, तीही उघडली नाही. दुपारी तुम्ही प्रवासात होतात तेव्हा त्याच लिंकवरून अहवालाचा मसुदा तुमच्या फोनवर व्यवस्थित उघडला, आणि संध्याकाळी ऑफिसच्या लॅपटॉपवर पुन्हा तेच पान आलं, `You need access`. तुम्ही विचारलंत की मी मधेच परवानगी काढून घेतली का. नाही काढली. सोमवारी रात्री तुमच्या पतसंस्थेच्या ईमेल पत्त्याला दिलेली परवानगी अजून तशीच आहे. अडचण वेगळीच आहे. ती फोनवर सांगायला गेले तर पाच मिनिटांत गोंधळ वाढेल, म्हणून शांतपणे लिहून पाठवते आहे. लॅपटॉप समोर ठेवून वाचलंत तर वाचता वाचताच दुरुस्ती होईल.

नेमकं काय झालं

माझ्याकडे मंगळवारी परवानगी मागणाऱ्या दोन मेल आल्या. पहिली सकाळी, तुमच्या खासगी जीमेलवरून. दुसरी तासाभराने, एका कॉलेजच्या पत्त्यावरून, जो मी आधी कधी पाहिला नव्हता. पतसंस्थेच्या पत्त्यावरून एकही विनंती आली नाही, आणि येणारही नव्हती, कारण त्या पत्त्याला परवानगी आधीच मिळालेली आहे. गूगलच्या दारात मात्र पतसंस्थेचं खातं पोचलंच नाही. एकदा तुमचं खासगी खातं पोचलं, एकदा ते कॉलेजचं.

संध्याकाळी तुम्ही सांगितलंत की रविवारी मुलीने हाच लॅपटॉप प्रवेशाच्या कामासाठी घेतला होता, तेव्हा चित्र पूर्ण झालं. तिने आधी सगळं साइन-आउट केलं आणि तिचं कॉलेजचं खातं उघडलं. सोमवारी तुम्ही त्यात तुमचं खासगी खातं जोडलंत, आणि मग पतसंस्थेचं. म्हणजे एकाच क्रोममध्ये तीन खाती, आणि त्यांचा क्रम असा: पहिलं मुलीचं, दुसरं तुमचं, तिसरं पतसंस्थेचं. सगळा घोटाळा या क्रमात आहे.

लिंकवर नाव नसतं

मी पाठवलेल्या लिंकमध्ये फाइल कोणती एवढंच लिहिलेलं असतं. ती कोण उघडतंय हे तिच्यात नसतं. ते तुमचा ब्राउझर सांगतो. ब्राउझरमध्ये एकच खातं असेल तर प्रश्नच नाही. तीन असतील तर गूगलला एक निवडावं लागतं, आणि काही वेगळी सूचना नसेल तर ते साधारणपणे सगळ्यात आधी साइन-इन झालेलं खातं धरतं. एखाद्या सोसायटीच्या फाटकावर गाडी थांबते, गाडीत तिघे असतात, वॉचमन पुढच्या सीटवरच्या माणसाचं नाव विचारतो आणि यादीत ते नाव नाही म्हणून गाडी परत पाठवतो. मागे बसलेल्या माणसाचं नाव यादीत असतं, पण त्याला कोणी विचारतच नाही.

गूगल या खात्यांना क्रमांक देतं, आणि मोजणी शून्यापासून होते. तुमच्या लॅपटॉपवर मुलीचं खातं 0, तुमचं खासगी 1 आणि पतसंस्थेचं 2. हा क्रमांक कधी कधी पत्त्याच्या पट्टीत दिसतो, असा:

```
https://docs.google.com/document/u/1/d/FILE_ID/edit
```

यातल्या `FILE_ID` च्या जागी अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक साखळी असते, ती फाइलची ओळख. त्याच्या आधीचं `/u/1/` म्हणजे "या ब्राउझरमधल्या 1 क्रमांकाच्या खात्याने उघड". हा क्रमांक त्या त्या ब्राउझरपुरताच खरा असतो. माझ्या संगणकावर 1 म्हणजे माझं कामाचं खातं. तुमच्याकडे 1 म्हणजे तुमचं खासगी जीमेल.

पहिल्या वेळी चूक माझी होती. मसुदा माझ्यासमोर उघडा होता आणि मी पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलून तुम्हाला चिकटवली. तिच्यात माझं `/u/1/` तसंच राहिलं होतं. तुमच्या लॅपटॉपने ते आज्ञाधारकपणे वाचलं आणि फाइल तुमच्या खासगी खात्याने उघडायचा प्रयत्न केला. पहिली विनंती खासगी पत्त्यावरून आली ती त्यामुळे. दुसऱ्या वेळी मी सगळ्या कागदपत्रांच्या फोल्डरची स्वच्छ लिंक पाठवली. तिच्यात क्रमांक नव्हता, म्हणून ती 0 वर, म्हणजे मुलीच्या खात्यावर गेली. दोन लिंका, दोन वेगळी खाती, आणि दोन्हीकडे तेच नकाराचं पान. तुमच्या फोनवर फक्त पतसंस्थेचं खातं आहे, तिथे निवडायचा प्रश्नच आला नाही, म्हणून फोनवर मसुदा उघडला.

तुम्ही म्हणाल की याआधी तर लिंका उघडत होत्या. बरोबर आहे. क्रमांक नसलेली दस्तऐवजाची लिंक असेल तर गूगल पुष्कळदा स्वतःच साइन-इन असलेल्या खात्यांमधून परवानगी असलेलं खातं शोधतं आणि त्याने फाइल उघडतं. पण यावर विसंबून राहता येत नाही. फोल्डरच्या लिंकांना हे साधेलच असं नाही, आणि लिंकमध्ये क्रमांक आला की गूगल त्या क्रमांकालाच धरून बसतं. कधी उघडतं, कधी नाही, म्हणून माणसाला वाटतं की समोरच्याने काहीतरी बदललं.

आधी खात्री करून घ्या

काही बदलण्याआधी एक तपासणी करा, कारण नकाराचं पान प्रत्येक कारणाला सारखंच दिसतं.

नकाराच्या पानावरच तुम्ही कोणत्या खात्याने आला आहात तो ईमेल पत्ता किंवा गोल चित्र असतं. ते पाहा. पत्ता स्पष्ट दिसत नसेल तर गोल चित्रावर टिचकी मारा, पूर्ण पत्ता दिसेल. तिथे पतसंस्थेचा पत्ता नसेल तर अडचण खात्याचीच आहे, आणि `Request access` हे बटण अजिबात दाबू नका. ते दाबलं की विनंती त्या चुकीच्या खात्याच्या नावाने माझ्याकडे येते.

दुसरी खूण याहून पक्की आहे. ड्राइव्हमध्ये पतसंस्थेच्या खात्याने जा आणि डावीकडच्या `Shared with me` मध्ये पाहा. तुमच्या आजच्या क्रमाप्रमाणे थेट पत्ता असा होईल:

```
https://drive.google.com/drive/u/2/shared-with-me
```

अहवालाची फाइल तिथे दिसली तर परवानगी तुमच्यापर्यंत पोचलेली आहे आणि लिंक फक्त चुकीच्या दाराने जात होती. खरं तर त्या यादीतून फाइल उघडली की काम तिथेच सुरू करता येतं, लिंकची गरजच उरत नाही. मला हा मार्ग सगळ्यात आवडतो, कारण यात कुठला क्रमांक किंवा कोणी पाठवलेली लिंक मधे येत नाही.

यादीत फाइल नसेल, किंवा तरीही शंका असेल, तर इन्कॉग्निटो खिडकी उघडा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबायचं. आधीची कुठली इन्कॉग्निटो खिडकी उघडी असेल तर ती प्रथम बंद करा, कारण अशा सगळ्या खिडक्या एकमेकींचं साइन-इन वाटून घेतात आणि मग तपासणी खोटी ठरते. नव्या खिडकीत लिंक चिकटवा आणि फक्त पतसंस्थेच्या खात्याने साइन-इन करा. उघडलं तर निदान पक्कं. इथेही नकार आला तर मला लगेच कळवा, मग तपासायचं काम माझ्याकडे आहे. पत्ता टाइप करताना माझ्याकडून एखादं अक्षर चुकलं असेल, किंवा तुमच्या संस्थेच्या गूगल व्यवस्थेत बाहेरच्या माणसांच्या फाइलींना बंदी असेल. ही बंदी संस्थेचा ॲडमिन घालतो आणि तोच काढू शकतो, तुम्ही किंवा मी नाही.

आजचं काम भागवण्यासाठी

तुम्हाला आज थकबाकीचा तक्ता तपासायचा आहे, तर एवढंच करा. नकाराच्या पानावर किंवा कुठल्याही गूगल पानावर उजवीकडे वरच्या गोल चित्रावर टिचकी मारा. खात्यांची यादी उघडेल. पतसंस्थेचा पत्ता निवडा. बहुतेक वेळा नवीन टॅब उघडतो, पण त्यात आपली फाइल नसून त्या खात्याचं मुख्य पान येतं. इथे बरेच जण परत जुन्या टॅबकडे जातात आणि तो ताजा करतात. जुना टॅब अजून जुन्याच खात्यात असतो, म्हणून पुन्हा तोच नकार दिसतो. नव्या टॅबमधूनच `Shared with me` कडे जा.

दुसरा उपाय म्हणजे लिंकमध्ये खातं स्वतः लिहायचं. फाइलच्या लिंकच्या शेवटी असं जोडता येतं:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/edit?authuser=2
```

इथे 2 हा तुमच्या लॅपटॉपवरचा पतसंस्थेचा आजचा क्रमांक. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल, जसं `?usp=sharing`, तर दुसऱ्यांदा प्रश्नचिन्ह द्यायचं नाही. तिथे `&authuser=2` असं लिहायचं. ते `usp=sharing` काय असतं असं तुम्ही एकदा विचारलं होतं. लिंक कुठून उचलली याची ती नोंद आहे, परवानगीशी तिचा काही संबंध नाही. खोडली तरी चालते.

क्रमांकाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता लिहिला तरी चालतं, आणि ते जास्त भरवशाचं. क्रमांक उद्या बदलू शकतो, पत्ता बदलत नाही. यापुढे मी तुम्हाला अशाच लिंका पाठवेन:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/edit?authuser=office@example.com
```

`office@example.com` च्या जागी तुमच्या पतसंस्थेचा खरा पत्ता असेल. यासाठी ते खातं त्या ब्राउझरमध्ये आधीपासून साइन-इन असायला हवं. आणि या जोडणीने कोणालाही परवानगी मिळत नाही. दारावर कोणाचं नाव सांगायचं एवढंच ती ठरवते, त्यामुळे लिंक चुकून दुसऱ्याच्या हाती पडली तरी काही उघडत नाही.

कायमची सोय: दोन वेगळी प्रोफाइल

वरचं सगळं तात्पुरतं आहे. तुमच्या लॅपटॉपवर घर आणि ऑफिस एकाच क्रोममध्ये राहतात तोवर ही अडचण दर आठवड्याला येणार.

पुष्कळ ठिकाणी सल्ला दिला जातो की सगळ्या खात्यांतून बाहेर पडा आणि ऑफिसच्या खात्याने सर्वांत आधी साइन-इन करा, म्हणजे ते 0 होईल. याने काम होतं. `Sign out of all accounts` दाबायचं, मग पहिलं साइन-इन पतसंस्थेचं, बाकीची नंतर. पण मी हा उपाय तुम्हाला सुचवत नाही. पुढच्या रविवारी मुलीने पुन्हा साइन-आउट केलं की क्रम परत उलटणार. शिवाय क्रम बदलला की तुम्ही जतन केलेले जुने बुकमार्क, ज्यांत `/u/1/` किंवा `/u/2/` आहे, तेही भलत्याच मेलबॉक्समध्ये नेतात.

त्यापेक्षा क्रोमची प्रोफाइल वापरा. प्रोफाइल म्हणजे एकाच क्रोमचे आतून पूर्ण वेगळे कप्पे. प्रत्येकाचं साइन-इन, बुकमार्क, इतिहास, जतन केलेले पासवर्ड वेगळे. एका कप्प्यात एकच गूगल खातं ठेवलं की निवडायला दुसरं उरतच नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. पतसंस्थेच्या खात्याचा पासवर्ड हाताशी आहे ना, आणि साइन-इन करताना येणारा कोड कोणाच्या फोनवर जातो, हे पाहून घ्या. तुम्ही मागे म्हणाला होतात की तो सचिवांच्या फोनवर जातो. ते ऑफिसात असताना हे करा, नाहीतर खात्यातून बाहेर पडाल आणि परत आत जाता येणार नाही.

मग क्रोमच्या खिडकीत पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला जे गोल चित्र आहे त्यावर टिचकी मारा. जीमेलच्या पानाच्या आत असतं ते चित्र वेगळं आणि हे वेगळं. हे खुद्द क्रोमच्या पट्टीवर असतं. उघडलेल्या यादीत खाली नवीन प्रोफाइल जोडण्याचा पर्याय दिसेल. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतात, पण `Add` हा शब्द असतोच. नवी खिडकी उघडेल आणि साइन-इन करायला सांगेल. इथे फक्त पतसंस्थेचा पत्ता द्या. संस्थेचं खातं असल्यामुळे "हे प्रोफाइल तुमची संस्था सांभाळेल" अशा अर्थाची सूचना येऊ शकते. घाबरू नका. संस्थेचा ताबा संस्थेच्या कप्प्यापुरता राहावा, तुमच्या खासगी गोष्टींवर येऊ नये, यासाठीच तर कप्पा वेगळा करतो आहोत.

प्रोफाइलला "पतसंस्था" असं नाव द्या आणि ठळक रंग निवडा, हिरवा म्हणा. घरच्या खिडकीचा रंग वेगळा ठेवा. ही सजावट वाटेल, पण दिवसभरात पंचवीस वेळा खिडक्या बदलणाऱ्या माणसाला रंगच वाचवतो. विंडोजवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवायची सोय आहे, तीही चालू करा. सकाळी आल्यावर थेट पतसंस्थेचं चिन्ह उघडायचं.

पुढची पायरी लोक हमखास विसरतात. जुन्या प्रोफाइलमध्ये पतसंस्थेचं खातं अजून बसलेलं आहे. ते तिथून काढायला हवं, नाहीतर दोन कप्पे होऊनही गोंधळ आहे तिथेच राहील. जुन्या खिडकीत `Sign out of all accounts` करा, मग साइन-इनच्या पानावर खाती काढून टाकण्याचा जो पर्याय येतो त्यातून पतसंस्थेचं आणि मुलीचं खातं यादीतून काढा, आणि फक्त तुमच्या खासगी खात्याने परत साइन-इन करा. यादीतून काढल्याने खातं नष्ट होत नाही, फक्त या ब्राउझरला त्याची आठवण राहत नाही. मुलीसाठी तिसरं प्रोफाइल करून द्या.

प्रोफाइलला कुलूप नसतं, हेही लक्षात असू द्या. लॅपटॉप हातात असलेला कोणीही यादीतून दुसरं प्रोफाइल उघडू शकतो. खाती एकमेकांत मिसळू नयेत यापुरती ही सोय आहे. लॅपटॉप घरात सगळे वापरत असतील आणि सभासदांची माहिती त्यात असेल, तर विंडोजमध्येच वेगळा वापरकर्ता करून त्याला पासवर्ड लावणं योग्य.

प्रोफाइल झाल्यावरही एक फट उरते. व्हॉट्सॲपमधून लिंकवर टिचकी मारली की क्रोम बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत ती उघडतो. तुम्ही नुकतीच घरची मेल पाहिली असेल तर माझी लिंक घरच्या खिडकीत जाईल आणि पुन्हा नकार दिसेल. म्हणून आधी हिरव्या खिडकीवर एकदा टिचकी मारून ती समोर आणा, मग लिंक दाबा. किंवा लिंक कॉपी करून हिरव्या खिडकीत चिकटवा. मी स्वतः चिकटवते.

फोनवर

तुमच्या फोनवर सध्या अडचण नाही. पण पुढे खासगी खातंही त्याच फोनवर जोडाल तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या रूपात येईल. फोनवर लिंक ब्राउझरऐवजी बहुधा डॉक्स ॲपमध्ये उघडते, आणि तिथे लिंकमधल्या क्रमांकापेक्षा ॲपमध्ये कोणतं खातं चालू आहे याला महत्त्व असतं. नकार आला तर डॉक्स किंवा ड्राइव्ह ॲप स्वतंत्रपणे उघडा, उजवीकडे वरच्या गोल चित्रावरून पतसंस्थेचं खातं निवडा, आणि सामायिक केलेल्या फाइलींत अहवाल शोधा. खातं यादीतच नसेल तर ते आधी फोनमध्ये जोडावं लागेल.

मी विनंत्या मान्य का केल्या नाहीत

तुम्ही थोड्या रागाने विचारलंत की विनंती आली होती तर एक बटण दाबून टाकायला काय हरकत होती. हरकत होती, आणि मी ती पुन्हाही घेईन. कॉलेजच्या पत्त्याला होकार दिला असता तर अहवालाचा पूर्ण मसुदा, त्यातली थकबाकीदार सभासदांची नावं आणि रकमा, एका विद्यार्थिनीच्या खात्यात कायम उघडी राहिली असती. दिलेली परवानगी कोणी आठवणीने काढेपर्यंत टिकते. आणि त्या पत्त्यामागे तुमची मुलगी आहे हे मला मंगळवारी माहीत नव्हतं. माझ्यासाठी तो एक अनोळखी माणूस होता.

तुमच्या खासगी खात्याला होकार देणंही नीट झालं नसतं. तुमच्या दुरुस्त्या आणि कमेंट त्या नावाने पडल्या असत्या, आणि उद्या लेखापरीक्षकांनी विचारलं की हा बदल संस्थेच्या वतीने कोणी मान्य केला, तर मसुद्याच्या इतिहासात संस्थेचं खातं दिसलंच नसतं. आणि तुम्ही पद सोडलंत तर तो प्रवेश तुमच्यासोबत गेला असता.

लिपिकांनी सुचवलेला `Anyone with the link` हा पर्यायही मी मुद्दाम टाळला. त्याने अडचण क्षणात सुटली असती हे खरं आहे, कारण मग खातं कोणतं हा प्रश्नच उरत नाही. पण ती लिंक एकदा संचालकांच्या व्हॉट्सॲप गटात पडली की पुढे ती कुठे जाईल हे तुमच्या किंवा माझ्या हातात नाही. शिवाय अशा लिंकवरून जे येतात त्यांची नावं मसुद्यात दिसत नाहीत, एखाद्या प्राण्याचं चित्र आणि `Anonymous` असं काहीतरी दिसतं. सभेत छापील वाटायचा अंतिम अहवाल असा खुला ठेवायला माझी ना नाही. थकबाकीचा तक्ता असलेला मसुदा `Restricted` च राहील.

माझ्या बाजूने आजपासून

पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलणं मी बंद केलं आहे. `Share` मधल्या `Copy link` नेच लिंक घेईन, त्यात माझा क्रमांक येत नाही, आणि पाठवण्याआधी तिच्यात तुमच्या पतसंस्थेचा पत्ता जोडेन. अहवाल, ताळेबंद आणि छायाचित्रं एकाच फोल्डरमध्ये आहेत. फोल्डरची परवानगी पतसंस्थेच्या एकाच पत्त्याला दिलेली आहे, त्यामुळे नवी फाइल टाकली तरी तुम्हाला वेगळी विनंती करावी लागणार नाही. संचालकांपैकी कोणाला मसुदा पाहायचा असेल तर त्यांचा ईमेल पत्ता मला लेखी कळवा. फोनवर सांगितलेल्या पत्त्यात एखादं अक्षर हमखास इकडचं तिकडे होतं. जीमेलच्या पत्त्यात मधे टिंब असलं काय आणि नसलं काय, फरक पडत नाही. संस्थेच्या पत्त्यात मात्र पडू शकतो.

सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे आणि छपाईवाल्यांना सभेआधी पुरेसे दिवस द्यायचे आहेत, म्हणून ही तीन कामं मागे राहायला नकोत. हिरवं प्रोफाइल आज सचिव ऑफिसात असेपर्यंत करून घ्या. ते झालं की त्या खिडकीत `Shared with me` उघडून फाइल दिसते का ते मला एका ओळीत कळवा. आणि मग पान 11 वरचा थकबाकीचा तक्ता पाहा. तिथे दोन रकमांच्या बाजूला मी कमेंट ठेवल्या आहेत, कारण त्यांची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी जुळत नाही. बरोबर आकडा कोणता ते तुम्ही ठरवल्याशिवाय मी पुढची पानं लावणार नाही.